साडेचारचा मेसेज

लोर्ना किवेला शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. सकाळी सहाला जायची, तीनशे मुलांचं जेवण रांधायची आणि दोनला घरी परतायची. घरी तिचे वडील होते, आर्विड. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. उत्तर मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणीत त्यांनी चाळीस वर्षं काढली होती आणि गेल्या पाच वर्षांपासून त्यांना काल काय झालं हे आज आठवत नव्हतं. लोर्नाचं लग्न मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. तेव्हा वडिलांना कोण बघणार, हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नाही.

थोरला भाऊ रेइनो चार तासांच्या अंतरावर फार्गोला राहायचा. तिथल्या बीटाच्या साखर कारखान्यात तो रात्रपाळीला होता. हिवाळाभर कारखाना एक दिवससुद्धा थांबत नाही, त्यामुळे रेइनो सकाळी आठला झोपायचा आणि चारला उठायचा. एकदा लोर्नाने भर दुपारी त्याला मेसेज केला, फोन वाजला आणि त्याची झोप मोडली. त्या रात्री कामावर जाताना गाडी चालवता चालवता त्याचा डोळा लागला आणि गाडी खड्ड्यात गेली. माणूस वाचला, पण लोर्नाने कानाला खडा लावला. तेव्हापासून त्याला काही कळवायचं असलं की ती मेसेज लिहायची आणि पाठवायचा बाण दाबून धरायची. बाण दाबून धरला की वेळ विचारणारी चौकट उघडते. त्यात ती साडेचार लावायची, ठेवून द्यायची आणि मग बाण पुन्हा दाबायची. मेसेज तिथेच, त्यांच्या दोघांच्या बोलण्याच्या खाली, छोट्या घड्याळाचं चिन्ह लावून थांबून राहायचा. साडेचारला आपोआप जायचा.

यातून तिला आणखी एक सवय लागली होती आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती. फार संताप आला की ती रेइनोला मनात येईल ते लिहायची, साडेचारची वेळ लावायची आणि कामाला लागायची. दोनला घरी गेल्यावर डोकं थंड झालेलं असायचं. मग ती त्या घड्याळाला बोट लावायची. मेसेज बदलायचा, आत्ताच पाठवायचा की काढून टाकायचा, असं फोन विचारायचा. ती काढून टाकायची. असे तीस-चाळीस मेसेज तिने लिहिले असतील. रेइनोला त्यातला एकही मिळाला नव्हता. वेळ न लावता नुसतं लिहून पुसलं असतं तरी चाललं असतं, पण त्यात मन मोकळं होत नसे. पाठवल्यासारखं वाटायला हवं होतं.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी पहाटे वडिलांनी तिला ओळखलं नाही. चोर शिरलाय म्हणून त्यांनी काठी उगारली आणि ती लोर्नाच्या मनगटावर बसली. मग त्यांनी अंथरुणातच सगळं केलं. दिवसा सांभाळायला येणारी बाई दोन आठवड्यांपूर्वी सोडून गेली होती. शेजारचे स्लाबोडनिक म्हातारे असले तरी चालते-फिरते होते, अकराला डोकावून जाईन म्हणाले होते. लोर्नाने वडिलांना आंघोळ घातली, चादरी मशीनमध्ये टाकल्या, लापशी भरवली, टीव्ही लावला आणि पाऊण तास उशिरा शाळेत पोहोचली. मुख्य स्वयंपाकीण तिच्याशी एक शब्दही बोलली नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी तिला दहा मिनिटं सुट्टी मिळाली. बर्फपेटीशेजारच्या छोट्या खोलीत फोन चार्जिंगला होता. तिथेच उभ्याने तिने लिहिलं.

“रेइनो, माझ्याने आता होत नाही. आज त्यांनी मला काठीने मारलं. पाच वर्षं मी हे करतेय आणि तू नाताळाला भेट म्हणून मांसाची टोपली पाठवतोस. कधी कधी सकाळी त्यांच्या खोलीचं दार उघडण्याआधी मनात येतं, आज उठले नाहीत तर सुटेन. शनिवारी ये आणि घेऊन जा. नाहीतर माझ्या हातून काय होईल मला माहीत नाही.”

तिने साडेचार लावले, फोन परत चार्जिंगला ठेवला आणि बटाटे कुस्करायला गेली. मनगट ठणकत होतं, पण छातीवरचं ओझं जरा हलकं झालं होतं.

सव्वाअकराला शाळेच्या ऑफिसातली बाई स्वयंपाकघराच्या दारात आली. स्लाबोडनिकांचा फोन होता. आर्विड मागच्या अंगणात पडलेले सापडले होते. पायात सपाता, अंगात नुसता शर्ट, डोक्याखाली बर्फ लाल. लोर्नाने एप्रन काढला, खुंटीवरचा कोट घेतला आणि ती धावत सुटली. किल्ल्या कोटात होत्या. फोन कुठे आहे याचा विचारही मनात आला नाही.

गावातल्या दवाखान्यात डोक्याचे फोटो काढले. आत रक्त साचलं होतं. हे इथे होण्यासारखं नाही, डुलूथच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. रुग्णवाहिकेत लोर्ना पुढे चालकाशेजारी बसली. दोन्ही बाजूंना सुईसारख्या पानांची झाडं, मध्ये पांढरा रस्ता. गाव मागे पडल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी रेइनोला कळवायला हवं असं तिच्या मनात आलं आणि तिने कोटाच्या खिशात हात घातला. खिशात हातमोजे होते, किल्ल्या होत्या, वडिलांच्या गोळ्यांची डबी होती.

फोन कुठे राहिला हे आठवलं आणि त्यापाठोपाठ त्या फोनमध्ये काय थांबलंय हेही आठवलं. चालकाने विचारलं, बरं वाटत नाहीये का? ती म्हणाली, गाडी लागते.

इस्पितळात वडिलांना आत नेलं तेव्हा अडीच वाजले होते. काउंटरवर एक तरुण नर्स होती. लोर्नाने तिचा फोन मागून घेतला. शाळेचा नंबर तेवढा तिला पाठ होता. ऑफिसातल्या बाईला तिने सांगितलं की माझा मोबाइल बर्फपेटीच्या खोलीत आहे, कुणाला तरी जाऊन तो बंद करायला सांगा. नुसता बंद करा, बाकी काही नको. बाई बघून आली आणि म्हणाली की फोन तिथे नाही, तो बर्निसने घेतलाय.

बर्निस भांडी धुण्याच्या विभागात होती. लोर्नाची तशी एकुलती एक मैत्रीण. ऑफिसातली बाई म्हणाली, “अगं, डुलूथला नेल्याचं दवाखान्यातून कळलं, ती तुझ्याकडेच यायला निघालीय. म्हणाली, लोर्नाला फोन लागेल, एकटी असेल बिचारी. आत्ता पाच मिनिटांपूर्वी गेली.”

लोर्नाने बर्निसचा नंबर लिहून घेतला आणि लावला. घंटी वाजत राहिली. बर्निसचा भाऊ गाडी चालवताना फोनवर बोलत होता म्हणून अपघातात गेला होता. त्यामुळे गाडीत बसली की ती आपला फोन पर्समध्ये टाकून पर्स मागच्या सीटवर ठेवायची. लोर्नाला हे ठाऊक होतं. तरी तिने सात वेळा लावला.

मग तिने त्या नर्सला विचारलं. नर्सच्या बिल्ल्यावर टेसा असं नाव होतं. समजा एखादा मेसेज वेळ लावून ठेवलाय आणि फोन दुसरीकडे आहे. इथल्या कॉम्प्युटरवरून तो थांबवता येईल का?

टेसाने जरा विचार केला. “मला वाटतं, नाही. तसे मेसेज त्या फोनमध्येच थांबलेले असतात. त्या फोनवरूनच काढावे लागतात. फोन बंद असला किंवा त्याला रेंज नसली तर वेळेवर जात नाहीत, एवढंच. रेंज आली की मग जातात.”

“म्हणजे रेंज नसेल तर थांबेल.”

“तेवढ्यापुरता. ज्याला जाणार आहे त्यालाच फोन करून सांगा ना, की वाचू नको.”

लोर्नाने नाही म्हणून मान हलवली. रेइनोचा नंबर तिला पाठ नव्हता. पण तो नंबर तर इस्पितळाकडे आधीच होता. वडिलांच्या जुन्या कागदांवर तोच होता. पंधरा वर्षांपूर्वी, शुद्धीत असताना, आर्विडनी वकिलाकडे जाऊन लिहून ठेवलं होतं की माझं मला ठरवता आलं नाही तर माझ्या इलाजाचं थोरल्या मुलाने ठरवावं. तेव्हा लोर्ना नवऱ्याबरोबर दुसऱ्या राज्यात होती. पुढे ते कागद बदलायचं कुणालाच सुचलं नाही. इस्पितळातून रेइनोला तीनदा फोन गेला होता. तो झोपला होता आणि फोनचा आवाज बंद होता. आवाज बंद ठेवायला त्याला लोर्नानेच बजावलं होतं.

साडेतीनला डॉक्टर मार्कवार्ट बाहेर आल्या. उंच, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी लोर्नाला बसवून सांगितलं की रक्त वाढतंय. कवटी उघडून ते काढता येईल, पण या वयात आणि मेंदूची आधीच अशी अवस्था असताना ते पूर्ववत होणार नाहीत. बहुतेक श्वासाच्या नळीवर राहतील, कदाचित शुद्धीवर येणारच नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे काही न करता, दुखू न देता, शांतपणे जाऊ द्यायचं.

“माझ्या वडिलांना नळ्या नको होत्या,” लोर्ना म्हणाली. “आई गेली तेव्हा ते मला म्हणाले होते, मला असं ठेवू नका. माझ्यासमोर म्हणाले होते.”

“मी समजू शकते. पण कागदावर निर्णय तुमच्या भावाचा आहे. पाचपर्यंत कळलं तर बरं. त्यानंतर काही करण्यात अर्थ उरणार नाही.”

चार वाजून सात मिनिटांनी रेइनोचा फोन आला. आधी तो डॉक्टरांशी बोलला, मग टेसाने फोन लोर्नाच्या हातात दिला. भाऊ रडत होता. लोर्नाने त्याला असं रडताना आईच्या वेळीसुद्धा ऐकलं नव्हतं. तिने त्याला सगळं सांगितलं, वडील काय म्हणाले होते तेही सांगितलं.

रेइनो म्हणाला, “मी काय सांगू, लोर्ना? मी तर नुसता फोनवरचा मुलगा. त्यांना तू बघितलंस. तू म्हणशील तसं करू.”

पाच वर्षांत तो असं पहिल्यांदा बोलत होता. हीच वेळ होती सांगायची. साडेचारला माझा एक मेसेज येईल, तो वाचू नको, मी रागात लिहिलाय. शब्द अगदी ओठांवर होते. पण वाचू नको म्हटलं की वाचणारच. आणि आत्ता, तो असा बोलत असताना, मी बाबांचं मरण मागितलं होतं हे त्याला स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं? तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वाचार. पावणेतीनच्या आधी निघालेली बर्निस तर आत्तापर्यंत यायलाच हवी होती, कुठल्याही क्षणी दारात दिसेल. आणि नाहीच आली तरी तो मधला जंगलातला पट्टा होताच, जिथे पंधरा मैल फोन मुके होतात. आधी तो मेसेज काढून टाकायचा, मगच त्याच्याकडून हो म्हणवून घ्यायचं, असं तिने ठरवलं.

“तू जरा तोंड धू,” ती म्हणाली. “कॉफी घे. दहा मिनिटांनी परत फोन कर, मग डॉक्टरांना सांगू.”

फोन ठेवून ती खाली मुख्य दारापाशी गेली. काचेचं दार सारखं उघडत होतं आणि बाहेरची थंडी पायांवर येत होती. एकेक गाडी येऊन थांबायची आणि त्यातून कुणी तरी दुसरंच उतरायचं. पहाऱ्यावरच्या माणसाने तिला खुर्ची देऊ केली. ती बसली नाही. सव्वाचारचे चार वीस झाले, चार पंचवीस झाले. दारावरच्या घड्याळात साडेचार झाले तेव्हा एक बाई फुगे घेऊन आत येत होती. कुणाला तरी मुलगी झाली होती.

बर्निस चार एकोणचाळीसला आली. एका हातात लोर्नाचा फोन होता, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. ती आल्या आल्या सांगू लागली की लोर्नाने सकाळपासून काही खाल्लं नसणार म्हणून ती आधी घरी गेली, सँडविच केले, थर्मासमध्ये सूप भरलं, लोर्नाला पायात घालायला गरम मोजे घेतले, त्यात उशीर झाला. लोर्नाने फोन घेतला. बोटं गार पडली होती, कुलूप उघडायला दोनदा आकडे चुकले. रेइनोचं नाव उघडलं. घड्याळाचं चिन्ह तिथे नव्हतं. मेसेजखाली चार तीस ही वेळ होती आणि बरोबरच्या दोन भरलेल्या खुणा होत्या. पोहोचला, वाचला.

“काय झालं?” बर्निसने विचारलं. “अगं, बाबा गेले का?”

लोर्नाने नाही म्हणून मान हलवली. बर्निसला काय सांगणार? ती बिचारी साठ मैल सूप घेऊन आली होती.

फोन हातातच वाजला. रेइनो होता. त्याचा आवाज आता कोरडा होता.

“मी डॉक्टरांना सांगितलंय. ऑपरेशन करा म्हणून.”

“रेइनो, ऐक. तो मेसेज सकाळचा आहे. ते पडायच्या आधीचा. मी असं लिहिते आणि काढून टाकते. पाठवायचा नव्हता.”

“लिहितेस आणि काढून टाकतेस. म्हणजे हे पहिल्यांदा नाही.”

लोर्ना बर्निसपासून दूर भिंतीकडे सरकली.

“किती वेळा लिहिलंस?”

“मोजलं नाही.”

“आणि मी इकडे म्हणत होतो, तू म्हणशील तसं करू.” तो थांबला. “माझ्या हातून काय होईल मला माहीत नाही, असं लिहिलंयस. ते बाहेर कसे गेले, लोर्ना? दाराला कडी नव्हती?”

“मी शाळेत होते. स्लाबोडनिकांना विचार.”

“विचारीन.”

“बाबांना नळ्या नको होत्या, रेइनो. ते खरं आहे. माझ्यावरचा राग त्यांच्यावर काढू नको.”

“खरं असेलही,” तो म्हणाला. “पण आता मला ते कसं कळणार?”

वडील तसं बोलले तेव्हा खोलीत तिसरं कुणी नव्हतं. ती डॉक्टर मार्कवार्टकडे गेली, त्यांचा हात धरून तिने पुन्हा सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या की मला तुमचं म्हणणं पटतं, पण मला तुमच्या भावाच्याच शब्दावर चालावं लागेल. पाचला पाच मिनिटं कमी असताना आर्विडना आत नेलं. चाकांच्या खाटेवर त्यांचे पाय पांघरुणाबाहेर आले होते. लोर्नाने ते झाकले.

वारा सुटून उडालेल्या बर्फाने रस्ता बंद झाला होता, त्यामुळे रेइनो दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचला. तोवर वडील तिसऱ्या मजल्यावर होते. डोक्याला पट्ट्या, तोंडात नळी, नाकात नळी. यंत्र त्यांची छाती वर-खाली करत होतं. रेइनो दारातच थबकला. दोन वर्षांत त्याने त्यांना पाहिलं नव्हतं. मग तो खाटेजवळ गेला आणि त्यांचा हात हातात घ्यायला लागला तर त्या हाताला सुया होत्या, दुसरा हात बांधलेला होता. शेवटी त्याने खांद्यावर हात ठेवला. लोर्नाशी तो बोलला नाही. तिच्या मनगटावरचा काळानिळा डाग त्याला दिसला, नजर तिथे क्षणभर थांबली आणि बाजूला झाली.

असे दिवस जाऊ लागले. लोर्ना सकाळी शाळेत जायची आणि दोनला निघून डुलूथला यायची. रेइनोने कारखान्यातून रजा घेतली आणि इस्पितळाजवळ खोली भाड्याने घेतली. दोघं खाटेच्या दोन बाजूंना बसायचे. काही मागायचं असलं तर नर्सकडे मागायचे, एकमेकांकडे नाही. स्लाबोडनिकांना त्याने खरंच फोन केला होता. त्यांनी सांगितलं की अकराला ते डोकावले तेव्हा आर्विड टीव्हीसमोर होते, आणि ते घरी परतल्यावर दहा मिनिटांतच खिडकीतून आर्विड अंगणात पडलेले दिसले. मी पाच मिनिटं थांबलो असतो तर, असं म्हणून तेच म्हातारे फोनवर रडले. हे रेइनोने लोर्नाला सांगितलं नाही. तिला ते स्लाबोडनिकांकडून कळलं.

वडिलांनी डोळे उघडले नाहीत. सहाव्या दिवशी ताप आला. नवव्या दिवशी नर्स नळीतून कफ ओढत होती आणि आर्विडचं सगळं शरीर कमानीसारखं उचललं गेलं, तोंडातून आवाज मात्र निघाला नाही, कारण नळी होती. रेइनो खुर्चीवरून उठून बाहेर गेला. लोर्नाला तो मागच्या जिन्यात सापडला, पायरीवर बसलेला, डोकं भिंतीला टेकलेलं. ती दोन पायऱ्या वर बसली. तो म्हणाला, “रोज असंच करतात?”

“दिवसातून पाच-सहा वेळा.”

मी सांगत होते, असं तिने म्हटलं नाही. तिच्या मनात ते आलं होतं. पण तो तिथे बसला होता तसा लहानपणी बसायचा, शिक्षा झाल्यावर, आणि तिला वाटलं, आता कुणी कुणाला काय म्हणायचं.

त्यानंतरही आठ दिवस गेले. रेइनोला यंत्र बंद करायच्या कागदावर सही करवत नव्हती. रोज सकाळी तो डॉक्टरांना विचारायचा, काही फरक? आणि त्या म्हणायच्या, नाही. सतराव्या दिवशी त्याने कागद मागवला. सही करण्याआधी त्याने पहिल्यांदा लोर्नाकडे बघितलं. तिने काही सांगावं असं त्याला वाटत होतं की सांगू नये असं, ते तिला कळलं नाही. तिने पेनाचं टोपण काढून त्याच्या हातात दिलं. अकराच्या सुमाराला यंत्र बंद केलं. आर्विड त्यानंतर चाळीस मिनिटं स्वतःच्या श्वासाने होते, मग थांबले.

चर्चमधला विधी शनिवारी झाला. तळघरात कॉफी होती, वेलदोड्याची पावरोटी होती. बर्निसने सगळ्यांच्या बशा उचलल्या. रेइनो आलेल्यांचे हात हातात घेत होता आणि लोर्ना शेजारी उभी होती. लोकांना दोघं भाऊबहीण एकमेकांना धरून आहेत असं वाटलं.

जमीन चार फूट गोठलेली होती. खणता येत नव्हती. दफनभूमीच्या कडेला दगडी कोठार आहे, तिथे पेटी ठेवली. रखवालदाराने लोखंडी दार ओढून लावलं आणि वहीत नाव लिहिलं. मे महिन्यात माती मऊ झाली की कळवतो म्हणाला.

“कुणाला कळवू?” त्याने विचारलं. “एकच नंबर लागतो.”

रेइनोने लोर्नाकडे बघितलं, मग बर्फाकडे. “माझा लिहा,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “नाही, तिचा लिहा. मी फार्गोला असतो.”

लोर्नाने नंबर सांगितला. रखवालदाराने तो एकदा वाचून दाखवला, बरोबर होता. रेइनो गाडीकडे निघाला होता. गाडीपाशी पोहोचून तो दार उघडून उभा राहिला, आत बसला नाही. लोर्ना त्याच्या मागून चालत गेली. बर्फ खूप होतं, आणि आधीच पडलेल्या त्याच्या पावलांत पाऊल टाकत जाणं तेवढं सोपं होतं.